फ्रॅपे एचआरचं पेरोल: एप्रिलपासून वापरल्यावर काय जमलं, काय नडलं

भोसरीतल्या एका मशीन शॉपचं अकाउंट आणि पगाराचं काम माझ्याकडे आहे. शॉपमध्ये तीन शिफ्टचे कामगार आणि वर थोडा ऑफिस स्टाफ. एप्रिल २०२५ पासून, म्हणजे आर्थिक वर्षाच्या पहिल्याच महिन्यापासून, आम्ही पगार एक्सेलमधून काढून फ्रॅपे एचआरच्या पेरोल मॉड्यूलवर आणला. आवृत्ती १५. सेटअप बाहेरच्या एका मंडळींनी करून दिला, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. सॉफ्टवेअर चांगलं आहे का, असं थेट विचाराल तर हो, आम्ही ते ठेवलंय आणि ठेवणार आहोत. पण पहिला पगार काढताना जे बाहेर आलं, ते सेटअप करणाऱ्या प्रत्येकाला आधी कळलेलं बरं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी. प्रत्येक कामगाराच्या नावावर दोन आकडे असतात: ठरलेला पगार आणि त्या महिन्यात हातात पडणारी मिळकत. पूर्ण हजेरी असेल आणि ओव्हरटाइम नसेल तर दोन्ही सारखेच. खाडा झाला किंवा ओव्हरटाइम लागला की ते वेगळे होतात. आणि प्रत्येक कपात यातला वेगळा आकडा बघते. पीएफ मिळालेल्या मूळ वेतनावर आणि महागाई भत्त्यावर लागतो. ईएसआय लागू आहे की नाही हे ठरलेल्या पगारावरून ठरतं, पण रक्कम मिळकतीवर निघते. व्यवसाय कर त्या महिन्याच्या मिळकतीचा स्लॅब बघतो. आमच्या पहिल्या पगारात कपातीच्या ज्या चुका निघाल्या, त्या या दोन आकड्यांचा गोंधळ झाल्यामुळेच.

पण कपातीच्या आधी हजेरी, कारण खालचा पायाच चुकला असेल तर वरचं सगळं चुकतं.

`Payroll Settings` मध्ये सुरुवातीलाच विचारलं जातं की पगाराचे दिवस रजेवरून मोजायचे की हजेरीवरून. कारखान्याला हजेरीच हवी. मग दुसरा प्रश्न, `Consider Unmarked Attendance As`, म्हणजे ज्या दिवसाची नोंदच नाही तो दिवस हजर धरायचा की गैरहजर. आम्ही गैरहजर धरला, नाहीतर पंच न करणाऱ्याचंच फावतं. तिसरी खूण सुट्ट्या महिन्याच्या दिवसांत धरायच्या की नाहीत याची. धरल्या तर एप्रिलचे ३० दिवस, नाही धरल्या तर २६. २२,५०० पगाराच्या माणसाचा एक खाडा पहिल्या हिशेबाने ७५० रुपयांना पडतो, दुसऱ्याने ८६५ रुपयांना. हे सॉफ्टवेअरने ठरवायचं नाही, तुमच्याकडे आधीपासून जी पद्धत चालू आहे तीच इथे उतरवायची. आमच्याकडे ३० ची होती.

एवढं झाल्यावर पहिल्या कच्च्या पगारपत्रकांचा गठ्ठा आम्ही सुपरवायझरांकडे बघायला पाठवला. तासाभरात रात्रपाळीचे सुपरवायझर वर आले. "मॅडम, सगळ्यांना गुरुवारचा खाडा लागलाय. गुरुवारी तर कंपनीच बंद असते."

आमच्याकडे शॉपची सुट्टी गुरुवारी आणि ऑफिसची रविवारी. सेटअप करणाऱ्यांनी कंपनीच्या पानावर रविवारची एकच सुट्ट्यांची यादी लावली होती आणि ती सगळ्यांना लागू झाली. त्यामुळे एप्रिलचे चारही गुरुवार कामाचे दिवस ठरले. पंच नाही, म्हणजे गैरहजर. प्रत्येक कामगाराचे चार दिवस गेले. लगेच शिफ्टच्या पानावर गुरुवारची यादी लावली गेली. हजेरी सुधारली, पगारपत्रक मात्र सुधारलं नाही, कारण आपोआप हजेरी शिफ्टची यादी बघते आणि पगारपत्रक कर्मचाऱ्याची. `Employee` च्या पानावर `Holiday List` नावाचा रकाना आहे, तोच प्रत्येकाला भरावा लागतो. एक्सेलमधून आयात केलं की पाच मिनिटांचं काम. भोसरी, चाकणकडे गुरुवारी बंद असणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच करून घ्यावं.

बायोमेट्रिक मशीन जोडणं तसं सरळ आहे. मशीनवरचा नंबर कर्मचाऱ्याच्या `Attendance Device ID` मध्ये टाकायचा, ऑफिसातल्या एका संगणकावर सिंकची छोटी स्क्रिप्ट चालू ठेवायची, पंच येत राहतात. मात्र नंबर तंतोतंत जुळायला हवा. मशीनमध्ये ००४७ आणि इथे ४७ असं असेल तर त्या माणसाचे पंच येतच नाहीत.

खरी डोकेदुखी आहे शिफ्ट बदलण्याची. प्रत्येक शिफ्टला आधी किती मिनिटांपासून पंच चालेल आणि सुटल्यावर किती मिनिटांपर्यंत, अशी खिडकी असते. मुळात दोन्हीकडे ६० मिनिटं. आमच्याकडे दर आठवड्याला पाळी बदलते, शिवाय कामगार आपसात अदलाबदल करतात. सकाळपाळी नेमलेला माणूस मित्राच्या जागी रात्री दहाला आला, तर त्याचा पंच सकाळपाळीच्या खिडकीत बसत नाही. पंच सिस्टीममध्ये येतो, पण कुठल्याच शिफ्टला चिकटत नाही. सकाळपाळीला तो आलाच नाही असं धरून गैरहजर लागतो. माणूस रात्रभर उभा राहून काम करून गेलेला, आणि कागदावर खाडा.

हे शोधायची सोपी रीत आहे. `Employee Checkin` ची यादी उघडायची आणि `Shift` रिकामा असलेल्या नोंदी गाळून घ्यायच्या. शिफ्टशिवाय लटकलेला प्रत्येक पंच म्हणजे चुकीचा खाडा असण्याची शक्यता. पगाराच्या आधी आम्ही ही यादी काढून सुपरवायझरांना देतो. अदलाबदल असेल तर त्या दिवसापुरती शिफ्ट नेमून देतो, लटकलेल्या पंचांना ती शिफ्ट जोडून घेतो, लागलेली हजेरी रद्द करतो आणि शिफ्टच्या पानावरून पुन्हा लावतो. रात्रपाळीचा दुसऱ्या दिवशी सकाळचा पंच मात्र सॉफ्टवेअर बरोबर आदल्या दिवसाला धरतं, तिथे आम्हाला काही करावं लागलं नाही.

दुसरा धोका `Last Sync of Checkin` या रकान्याचा. कुठल्या वेळेपर्यंतचे पंच नक्की आले आहेत, हे त्यावरून ठरतं आणि तेवढ्याच शिफ्टची हजेरी लागते. स्क्रिप्ट तो स्वतः पुढे सरकवते. महिनाअखेरीला घाई असते, हजेरी अडकलेली दिसते, म्हणून कुणीतरी तो हाताने पुढची तारीख टाकून सरकवतं. नेमकं त्या दिवशी नेट बंद असलं आणि पंच मशीनमध्येच अडकले असले, तर पूर्ण शिफ्ट गैरहजर. मागून पंच आले तरी लागलेली हजेरी आपोआप बदलत नाही. या रकान्याचे अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

आता पगाराची रचना. आमच्याकडे मूळ वेतन ठरलेल्या पगाराच्या ४० टक्के, महागाई भत्ता २० टक्के, उरलेल्यात घरभाडं आणि इतर भत्ते. सॉफ्टवेअरमध्ये `base` म्हणजे ठरलेला महिन्याचा पगार, आणि प्रत्येक घटकाला एक छोटं नाव. मूळ वेतन `B`, महागाई भत्ता `DA`. पीएफचं सूत्र असं:

```
(B + DA) * 0.12 if (B + DA) < 15000 else 1800
```

१५,००० ही पीएफची मर्यादा, तिचे १२ टक्के १,८००. सूत्र बरोबर आहे. तरी आकडा चुकला, आणि तो कसा चुकला हे नीट बघण्यासारखं आहे.

प्रत्येक घटकाच्या पानावर `Depends on Payment Days` अशी एक खूण असते आणि ती मुळातच लावलेली येते. अर्थ असा की या घटकाची रक्कम भरलेल्या दिवसांच्या प्रमाणात कमी करा. मूळ वेतनाला, भत्त्यांना ती हवीच. पीएफला नको, कारण `B` आणि `DA` सूत्रात येतात तेव्हाच दिवसांच्या प्रमाणात कमी होऊन आलेले असतात. पीएफलाही खूण राहिली तर कात्री दोनदा चालते. स्ट्रक्चर साठवताना सॉफ्टवेअर तशी सूचना देतं, पण सेटअपच्या गडबडीत ती खिडकी कुणीतरी बंद केली असावी.

ईएसआयचा घोटाळा वेगळा होता. तिथे ही खूण काढलेली होती, पण अट अशी लिहिली होती:

```
gross_pay <= 21000
```

दिसायला बरोबर, कारण ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. पण `gross_pay` म्हणजे मिळकत, आणि मर्यादा बघायची असते ठरलेल्या पगारावर.

एक ऑपरेटर घ्या. ठरलेला पगार २२,५००, म्हणजे ईएसआयच्या बाहेर. गुरुवारचा गोंधळ निस्तरल्यावरही एप्रिलमध्ये त्याचे खरेच चार खाडे होते. पगाराचे दिवस ३० पैकी २६. मिळकत १९,५००. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ठरलेले १३,५००, मिळालेले ११,७००. पीएफ हवा ११,७०० चे १२ टक्के, म्हणजे १,४०४. पगारपत्रकावर आला १,२१७, कारण १,४०४ वर पुन्हा २६ भागिले ३० लागलं. ईएसआय शून्य हवा होता, पण मिळकत २१,००० च्या खाली आल्यामुळे १४७ रुपये कापले. व्यवसाय कर २०० बरोबर होता.

आता हातात पडणारी रक्कम बघा. बरोबर हिशेबाने १७,८९६, पगारपत्रकावर १७,९३६. फरक ४० रुपयांचा. एक चूक १८७ ने कमी कापते, दुसरी १४७ ने जास्त, आणि दोघी एकमेकींना झाकतात. आम्ही जुन्या एक्सेलशी फक्त निव्वळ रक्कम ताडून पाहिली असती, तर चाळीस रुपये कुठल्या तरी पूर्णांकात गेले असतील म्हणून पुढे गेलो असतो. शिवाय पूर्ण हजेरी असलेल्या, ओव्हरटाइम नसलेल्या माणसांत यातलं काहीच दिसत नाही, त्यांचं पगारपत्रक रुपयाला रुपया जुळतं. आणि पीएफ कमी कापला म्हणून तक्रार घेऊन वर कुणी येत नाही.

म्हणून ताडून बघायचं ते निव्वळ रकमेचं नव्हे, प्रमाणाचं. पगाराचा रजिस्टर एक्सेलमध्ये काढा, पीएफला मिळालेल्या मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याने भागा. मर्यादेखालच्या प्रत्येकाचा आकडा १२ टक्के यायला हवा. आमच्या ऑपरेटरचा १०.४ येत होता, आणि खाडे वाढतील तसा आणखी खाली. रांगेत एकदा नजर फिरवली की चुकलेले लगेच दिसतात.

ईएसआयची उलटी बाजूही आहे. ठरलेला पगार १९,८०० असलेला कामगार ओव्हरटाइमचे २,४०० धरून २२,२०० ला गेला. जुनी अट म्हणाली, २१,००० च्या वर गेला, सोडा. पण मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत आणि वर्गणी काढताना धरतात. त्यामुळे हा माणूस ईएसआयमध्येच, आणि त्याची वर्गणी पूर्ण २२,२०० वर ०.७५ टक्के. १६६.५० चे वरच्या रुपयात १६७, कारण ईएसआयमध्ये पैसे नेहमी पुढच्या रुपयाला जातात.

मग अटीत `base <= 21000` लिहिलं की झालं, असं वाटेल. तेही पुरत नाही. ईएसआयचे वर्षाचे दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंडाच्या सुरुवातीला आत असलेला माणूस मध्येच पगारवाढीने २१,००० च्या वर गेला तरी कालखंड संपेपर्यंत आतच राहतो. जुलैत २०,५०० चे २२,००० झाले तरी सप्टेंबरपर्यंत कापायचंच. `base` वरची अट त्याला जुलैतच बाहेर काढेल. म्हणून आम्ही कर्मचाऱ्याच्या पानावर स्वतःची एक खूण तयार केली आणि अट तिच्यावर ठेवली:

```
custom_esi_covered == 1
```

रकमेचं सूत्र:

```
ceil(gross_pay * 75 / 10000)
```

०.००७५ ने गुणण्याऐवजी असं लिहिलं ते मुद्दाम. संगणकाच्या दशांशात कधी नेमका पूर्ण आकडा केसभर वर दिसला, तर `ceil` एक रुपया उगाच चढवू शकतं. खूण एप्रिलला आणि ऑक्टोबरला बसून हाताने तपासतो. नवा माणूस आला की त्याची तेव्हाच लावतो. एवढं हातकाम मला चालतं. सूत्राने सगळंच करायला गेलं की ते सूत्र पुढच्या माणसाला कळत नाही. एक जपायचं: खर्चाची परतफेड, वार्षिक बोनस अशा रकमा त्याच पगारपत्रकात घातल्या तर त्या `gross_pay` मध्ये शिरतात आणि ईएसआय फुगतो. आम्ही त्या वेगळ्याच देतो.

व्यवसाय कराला फार त्रास झाला नाही. पुरुषांचं सूत्र असं ठेवलंय:

```
(300 if getdate(start_date).month == 2 else 200) if gross_pay > 10000 else (175 if gross_pay > 7500 else 0)
```

महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत कर नाही, म्हणून त्यांचा घटक वेगळा आणि अट `gender == "Female"`. कर्मचाऱ्याच्या पानावर हा रकाना चुकीचा भरलेला असला तर कपात चुकते, तेव्हा आयात केलेली यादी एकदा वाचून काढा. इथे `gross_pay` बरोबरच आहे, कारण हा कर महिन्याच्या मिळकतीवरच आहे. इन्स्पेक्शन विभागातल्या एका ताईंना एका महिन्यात ओव्हरटाइममुळे २०० लागले, पुढच्या महिन्यात नाही. त्या विचारायला आल्या, पण ते नियमाप्रमाणेच होतं.

आयकराचं आमच्याकडे ऑफिसातल्या मोजक्या लोकांपुरतंच काम. वर्षाच्या सुरुवातीला चालू केल्यामुळे आधीच्या महिन्यांची मिळकत भरायची वेळच आली नाही. वर्षाच्या मध्ये सुरू करणाऱ्यांनी मात्र तो रकाना विसरू नये.

पहिल्या पगारातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही. `Payroll Entry` मध्ये `Get Employees` दाबलं की ज्यांना त्या तारखेला पगाराची रचना नेमलेली आहे तेवढेच लोक येतात. नेमणुकीतलं पगार देय खातं वेगळं असलं तरीही माणूस गळतो. कुणी राहिला तर लाल अक्षरांत काही येत नाही, तो यादीत नसतो एवढंच. आमचे एप्रिलच्या मध्यात रुजू झालेले दोघे असेच गळले होते, कारण त्यांची नेमणूकच राहिली होती. आता पगारपत्रकं काढल्यावर पहिलं काम म्हणजे चालू कर्मचाऱ्यांची संख्या आणि पगारपत्रकांची संख्या जुळवणं. मध्येच आलेल्यांचे दिवस सॉफ्टवेअर रुजू होण्याच्या तारखेवरून स्वतः मोजतं, ते बरोबर निघालं.

दुरुस्त्या करताना एक कळलं. घटकाच्या पानावर सूत्र बदललं म्हणजे आधी बनवलेल्या रचनेत ते आपोआप उतरत नाही, तिथे वेगळं बदलावं लागतं. आणि हजेरी सुधारली तरी कच्च्या पगारपत्रकातले आकडे जुनेच राहतात. कच्ची पत्रकं काढून टाकून पुन्हा तयार करणं सगळ्यांत सुरक्षित. एकदा सादर केली आणि बँकेची नोंद झाली की मागे येणं अवघड, म्हणून आम्ही तीन तारखेपर्यंत पत्रकं कच्चीच ठेवतो. सात तारखेच्या आत पगार द्यायचा असल्याने तपासायला तेवढेच दिवस मिळतात. पहिले दोन महिने जुना एक्सेलही बरोबरीने चालवला. कंटाळवाणं होतं, पण वरची पीएफ आणि ईएसआयची जोडी त्याशिवाय सापडली नसती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, असं आलं. आमचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता आधीच ६० टक्के असल्याने रचना बदलावी लागली नाही. ज्यांनी पीएफ वाचवायला मूळ वेतन ३० टक्क्यांवर ठेवलंय, त्यांनी मॉड्यूल बसवायच्या आधी रचना बदलून घ्यावी. नाहीतर सगळ्या नेमणुका दुसऱ्यांदा कराव्या लागतील.

घ्यावं की नाही? वीस-पंचवीस माणसं, एकच पाळी आणि ओव्हरटाइम नसेल तर एक्सेल पुरतो, उगाच त्रास घेऊ नका. पाळ्या, ओव्हरटाइम आणि बायोमेट्रिक असेल तर हे फायद्याचं आहे, पण सेटअप करणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडून तीन पगारपत्रकं काढून घ्या: खाडे असलेल्याचं, मध्येच रुजू झालेल्याचं आणि ओव्हरटाइमने २१,००० ओलांडणाऱ्याचं. तिन्ही हाताने मांडून जुळली की मग बाकीचे.

सध्या आमच्याकडे कामगार कल्याण निधीचाच घटक थोडा जपून हाताळावा लागतो. तो फक्त जून आणि डिसेंबरमध्ये लागतो, कामगाराचे २५ आणि कंपनीचे ७५. अट अशी:

```
getdate(start_date).month in (6, 12)
```

याला दिवसांची खूण लावायची नाही, नाहीतर जूनमध्ये चार खाडे असलेल्याचे २५ चे २१.६७ होतात. कंपनीच्या ७५ च्या घटकाला `Do Not Include in Total` लावा, म्हणजे ते कामगाराच्या पगारातून जाणार नाहीत.